अ‍ॅनिमेशनचे तयार शॉट आणि रंग जुळवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे धरून चाललोय की शॉट रेंडर होऊन, कॉम्प होऊन आलेत, लेयर आता हातात नाहीत, फक्त पीएनजी सिक्वेन्स किंवा चांगल्या क्वालिटीची व्हिडिओ फाइल आहे. शॉट वेगवेगळ्या आर्टिस्टने केलेत त्यामुळे एकच पात्र दर कटला थोडं वेगळं दिसतंय, आणि वर फोनवर एक दिसतं लॅपटॉपवर दुसरंच. सगळीकडे एकच उदाहरण घेतोय, पिवळा रेनकोट घातलेली एक मुलगी, राखाडी रस्ता, काळे बूट.

आधी शॉट एकमेकांशी जुळवायचे की आधी स्क्रीनचा प्रश्न सोडवायचा?

आधी शॉट एकमेकांशी. ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र करायला जातात तिथेच सगळा घोळ होतो. शॉट १२ आणि शॉट १३ मधला फरक हा फाइलमधल्या आकड्यांमधला फरक आहे, तो कुठल्याही स्क्रीनवर दिसणारच, फोन बदलून जाणार नाही. उलट फोन आणि लॅपटॉपमधला फरक हा त्या स्क्रीनचा आहे, तो फाइलमध्ये हात घालून सुटत नाही, कारण फोनसाठी थोडं पिवळं कमी केलं की लॅपटॉपवर लगेच निस्तेज होतं आणि मग तुम्ही दोघांच्या मधे फिरत राहता. म्हणून क्रम असा ठेवा: एका भरवशाच्या स्क्रीनवर सगळे शॉट जुळवायचे, फाइलवर रंगाची माहिती नीट टॅग करून एक्सपोर्ट करायची, आणि मग बाकीच्या स्क्रीनवर फक्त एवढंच बघायचं की काही तुटत तर नाही ना, म्हणजे अंधारातलं पात्र गायब होतंय का, आकाशात पट्टे येतायत का. तिथे रंगाची चव बदलायला बसायचं नाही.

भरवशाची स्क्रीन म्हणजे नक्की कुठली? माझ्याकडे महागडा मॉनिटर नाही.

महागडा नसला तरी चालेल, पण तिचं वागणं स्थिर हवं. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एसआरजीबी नावाचा मोड असतो तो लावा, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आय-केअर, लो ब्लू लाइट असलं जे काही असेल ते सगळं बंद, ऑपरेटिंग सिस्टिमचा नाइट लाइट बंद, आणि मॉनिटर चालू करून अर्धा तास झाल्याशिवाय रंगाचा निर्णय घेऊ नका. कॅलिब्रेशनचं यंत्र मिळालं तर टार्गेट साधं ठेवा, व्हाइट पॉइंट डी६५, म्हणजे ढोबळ मानाने ६५०० केल्विन, गॅमा २.२, ब्राइटनेस १०० ते १२० निट. गॅमा २.४ हा अंधाऱ्या ग्रेडिंग रूमसाठीचा आकडा आहे, उजेड असलेल्या साध्या खोलीत बसून फोन-लॅपटॉपवर जाणारं काम करताय तर २.२ बरा.

लॅपटॉपवरच काम करत असाल तर एक गोष्ट हमखास त्रास देते. बॅटरीवर चालताना बरेच लॅपटॉप वीज वाचवायला पडद्यावरचं चित्र बघून बॅकलाइट आणि कॉन्ट्रास्ट आपोआप बदलतात, इंटेलमध्ये डिस्प्ले पॉवर सेव्हिंग म्हणून येतं, एएमडीमध्ये व्हेरी-ब्राइट. उजेडाच्या शॉटवरून रात्रीच्या शॉटवर कट झाला की सेकंदभरात चित्र हळूच सरकतं आणि तुम्हाला वाटतं शॉटच जुळत नाहीये. ते बंद करा आणि चार्जर लावूनच काम करा.

खोलीसुद्धा महत्त्वाची आहे बरं का. मागे भडक रंगाची भिंत किंवा पिवळा बल्ब असेल तर डोळा त्याला सरावतो आणि तुम्ही नकळत सगळं त्याच रंगाकडे ढकलता.

दोन शॉट जुळवायचे म्हणजे नेमकं काय करायचं, सुरुवात कुठून?

सीनमधून एक हीरो शॉट निवडा. तो पहिलाच शॉट असायला हवा असं नाही, असा शॉट घ्या ज्यात पात्राचा चेहरा, कपडे आणि बॅकग्राउंड तिन्ही नीट दिसतंय आणि दिग्दर्शकाला जो पसंत आहे. मग प्रत्येक शॉट त्याच हीरो शॉटशी जुळवायचा. २ नंबर १ शी, ३ नंबर २ शी, ४ नंबर ३ शी असं साखळीने केलंत तर प्रत्येक वेळी चिमूटभर चूक राहते आणि सीनच्या शेवटाला रेनकोट लिंबावरून हळदीवर गेलेला असतो, आणि मजा म्हणजे शेजारशेजारचे सगळे कट तपासले तर प्रत्येक बरोबर वाटतो.

अ‍ॅनिमेशनमध्ये आपल्याला एक मोठी सोय आहे जी कॅमेऱ्याने शूट करणाऱ्यांना नाही. आपल्या पात्राचे रंग सपाट आहेत आणि कलर मॉडेल शीटवर ठरलेले आहेत. त्यामुळे अंदाजाने ग्रेडिंगची चाकं फिरवत बसायची गरजच नाही, कलर पिकरने मोजा. तीन जागा मोजायच्या, एक ठळक रंगाची, एक जवळपास राखाडी आणि एक जवळपास काळी. दोन्ही शॉटमध्ये त्याच वस्तूवर, त्याच प्रकारच्या उजेडात, सावलीत नाही, कडेच्या पिक्सेलवर नाही.

आकड्यांनिशी दाखवा ना.

शॉट १२ हीरो आहे. शॉट १३ दुसऱ्या आर्टिस्टने कॉम्प केलाय आणि तो थोडा निळसर, थंड दिसतोय. ८ बिटच्या आकड्यांत, लाल, हिरवा, निळा या क्रमाने:

शॉट १२ मध्ये रेनकोट २३२, १८६, ६०. रस्ता १२०, ११८, ११५. बूट २८, २६, २४.

शॉट १३ मध्ये रेनकोट २१८, १८२, ६८. रस्ता ११३, ११५, १३१. बूट २६, २५, २७.

आता हीरोचा आकडा भागिले दुसऱ्या शॉटचा आकडा, प्रत्येक चॅनलचा वेगळा. रेनकोटचं लाल २३२ भागिले २१८ म्हणजे १.०६, हिरवं १.०२, निळं ०.८८. रस्त्याचं करून बघा, तेच येतं, १.०६, १.०३, ०.८८. बुटांचं आकडे लहान असल्यामुळे जरा इकडेतिकडे होतं, १.०८, १.०४, ०.८९, पण एखाद्या अंकाचा फरक आहे, राउंडिंगचा. म्हणजे तिन्ही ठिकाणी गुणाकार साधारण एकच आहे, आणि याचा अर्थ असा की कोणीतरी त्या शॉटवर एक सरसकट निळसर टिंट लावलाय, दुसरं काही नाही. उपायही सरळ, गेनच्या तीन खान्यांत १.०६, १.०२, ०.८८ टाका. रस्ता होतो १२०, ११७, ११५. एका अंकाचा फरक डोळ्याला कळत नाही.

ग्रेडिंगचं सॉफ्टवेअर नसेल तर हेच काम एका कमांडने होतं:

```
ffmpeg -i shot13_%04d.png -vf "colorchannelmixer=rr=1.06:gg=1.02:bb=0.88" shot13_fix_%04d.png
```

एक मात्र बघा, हे आकडे साध्या डिस्प्लेसाठीच्या चित्रावर मोजलेत. तुमच्या प्रोजेक्टची टाइमलाइन लॉग किंवा लिनियरमध्ये असेल तर गेनचे हेच आकडे तिथे वेगळा परिणाम देतील, मग पिकर बघत बघत त्या लक्ष्यापर्यंत जा.

आणि तिन्ही ठिकाणी गुणाकार एकच आला नाही तर?

तेव्हाच खरी माहिती मिळते. समजा रेनकोट आणि रस्ता वरच्यासारखाच आहे पण बूट २६, २५, २७ ऐवजी ४०, ३८, ४५ आलेत. म्हणजे काळा वर उचलला गेलाय, बहुतेक त्या शॉटमध्ये धुक्याचा किंवा ग्लोचा लेयर जास्त पडलाय. अशा वेळी आधी लिफ्ट, म्हणजे गडद भागाची पातळी, खाली आणून बूट जागेवर आणा, मग पुन्हा मोजा, मग गेन. हा क्रम उलटा केला तर दोन्ही चाकं एकमेकांना ढकलत राहतात.

बूट जुळतायत, रेनकोट जुळतोय पण रस्ता मधेच जास्त उजळ, तर गॅमाचा फरक आहे, मधला भाग. आणि रस्ता, बूट सगळं जुळतंय, फक्त रेनकोटच वेगळा, तर मग तो ग्रेडचा प्रश्नच नाही, त्या शॉटमध्ये चुकीच्या पॅलेटने रंग भरलाय. अख्ख्या फ्रेमवर गेन मारून तो सुटणार नाही, रेनकोट वेगळा की करून, म्हणजे त्याच्या रंगाचेच पिक्सेल निवडून, फक्त तोच बदला, किंवा शॉट परत पाठवणं शक्य असेल तर परत पाठवा, तेच उत्तम.

गेन लावल्यावर सगळं जुळलं पण डोळ्यांतला पांढरा पिवळट झाला. असं का?

हे खूप जणांना होतं आणि कारण वरच्याच उदाहरणात लपलंय. हीरो शॉटमध्ये डोळ्यातला पांढरा समजा २४०, २३८, २३२ आहे. शॉट १३ वर तो निळा टिंट पडला तेव्हा निळा चॅनल २६४ व्हायला हवा होता, पण ८ बिटमध्ये २५५ च्या वर जागाच नाही, तो २५५ वर कापला गेला. आता तुम्ही ०.८८ ने गुणलंत, २५५ चे २२४ झाले, हवे होते २३२. लाल-हिरवं बरोबर, निळं ८ ने कमी, म्हणून पिवळट. दात, कागद, ढगांच्या कडा अशा सगळ्या पांढऱ्या जागी हे होतं.

जे कापलं गेलं ते परत येत नाही, पण डोळ्याच्या बाबतीत तिथे फारसा डिटेल नव्हताच. निळ्या चॅनलच्या कर्व्हचं फक्त वरचं टोक थोडं उचला, म्हणजे २२४ चं २३२ होईल, रस्त्याच्या ११५ ला हात लागणार नाही. ढगात मात्र डिटेल होता आणि तो कापला गेला असेल तर रेंडरची ईएक्सआर फाइल मागा, त्यात २५५ ची भिंत नसते.

याच कारणासाठी परेड स्कोप, म्हणजे लाल, हिरवा, निळा चॅनल वेगवेगळा दाखवणारा आलेख, उघडा ठेवून काम करा. एखाद्या चॅनलचा वरचा भाग सपाट रेषेसारखा कापलेला दिसला की तुम्हाला आधीच कळतं की गेननंतर पांढरा बिघडणार.

पिकरमध्ये आकडे तंतोतंत सारखे आहेत तरी कटला रेनकोट बदललेला वाटतो.

वाटणारच, कारण डोळा रंग एकटा बघत नाही. तोच पिवळा निळ्या आकाशासमोर भडक दिसतो आणि तपकिरी लाकडी भिंतीसमोर मंद दिसतो. एका शॉटमध्ये मुलगी आकाशासमोर आणि पुढच्या शॉटमध्ये दाराजवळ असेल तर आकडे जुळवणं ही सुरुवात आहे, शेवट डोळ्याने करायचा. अशा कटवर तपकिरी शॉटमध्ये रेनकोटचं सॅच्युरेशन किंचित वाढवावं लागतं. किती, हे स्थिर फ्रेम शेजारी ठेवून ठरवू नका. कटच्या आधीचा आणि नंतरचा एकेक सेकंद लूपवर लावा आणि पूर्ण स्पीडने बघा, कारण प्रेक्षक तसाच बघणार आहे. शेजारी ठेवलेल्या दोन फ्रेममध्ये जो फरक टोचतो तो कटवर कित्येकदा दिसतही नाही, आणि जो शेजारी दिसत नव्हता तो कटवर पात्र लुकलुकल्यासारखा दिसतो.

बराच वेळ उबदार सीनवर बसलात की डोळा त्याला न्यूट्रल मानायला लागतो. मधून मधून राखाडी फुलस्क्रीन लावून थोडं थांबा. आणि लूपवर लावल्यावर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जे वाटतं त्यावर विश्वास ठेवा, दहाव्या फेरीनंतरच्या मतावर नको.

दुपारचा सीन आणि संध्याकाळचा सीन, तिथे काय जुळवायचं? रंग तर वेगळेच हवेत.

तिथे रंग नाही, नातं जुळवायचं. दुपारी रेनकोट ही फ्रेममधली सगळ्यात ठळक गोष्ट असेल तर संध्याकाळीही ती तशीच राहिली पाहिजे, चेहरा कोटपेक्षा उजळ असेल तर संध्याकाळीही उजळच. सोपा मार्ग असा की संध्याकाळच्या हीरो शॉटमध्ये रेनकोट, त्वचा आणि रस्ता मोजा, दुपारच्या हीरोने भागा, जे तीन गुणाकार येतील ते त्या सीनची सही समजा आणि लिहून ठेवा. संध्याकाळच्या बाकी शॉटमध्ये पात्रावर तोच गुणाकार यायला हवा. बहुतेक वेळा असं सापडतं की बॅकग्राउंड पेंट करणाऱ्याने संध्याकाळ रंगवलीय पण पात्र दुपारच्याच रंगात वर चिकटवलंय, आणि मग ते स्टिकरसारखं दिसतं. ते ओळखायचं कसं, तर पात्राचे बूट बघा. मागच्या सावल्या जांभळट आणि बूट अजून न्यूट्रल काळे, म्हणजे पात्रावर टिंट पडलेलाच नाही.

पात्र वेगळं की केल्यावर कडेला रंगीत रेघ राहते.

सपाट रंगामुळे अ‍ॅनिमेशनमध्ये की फार स्वच्छ निघते, आणि तीच अडचण आहे. कडेचे अँटी-अ‍ॅलियास झालेले पिक्सेल अर्धे रेनकोटचे आणि अर्धे मागच्याचे असतात, ते सिलेक्शनमध्ये येत नाहीत, आणि जुन्या रंगाची एक पातळ किनार तशीच राहते. मॅट, म्हणजे निवडलेल्या भागाचा साचा, एक पिक्सेल बाहेर वाढवा आणि एक ते दोन पिक्सेल ब्लर द्या, बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. बदल मोठा असेल, म्हणजे पिवळ्याचा हिरवा वगैरे, तर हे पुरणार नाही, मग रेंडर करणाऱ्याकडून मॅट मागा. ब्लेंडरमधून काम येत असेल तर प्रत्येक वस्तूचा तयार मॅट देणारा क्रिप्टोमॅट पास चालू करून परत रेंडर करायला सांगणं हे तासन्‌तास कडा पुसत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

ब्लेंडरचा विषय निघालाय तर एक गोष्ट. काही शॉट एकदम धुतल्यासारखे, मऊ, ठळक रंग फिके आणि काही शॉट कडक, असं दिसलं तर गेन-लिफ्टला हात लावायच्या आधी विचारा की व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे रेंडरचे रंग स्क्रीनसाठी बदलणारी सेटिंग, कुठला होता. ब्लेंडर ४.० पासून नव्या फाइलमध्ये `AgX` हाच डिफॉल्ट असतो, आणि कोणी जुन्या फाइलमधून `Filmic` किंवा `Standard` वर रेंडर केलं असेल तर हे अंतर चाकांनी भरून निघत नाही, कारण तो गुणाकार नाही, पूर्ण कर्व्ह आणि ठळक रंगांची वागणूकच वेगळी आहे. ईएक्सआर असेल तर योग्य ट्रान्सफॉर्मने परत सेव्ह करा, नवा रेंडरही लागत नाही.

ग्रेडमध्ये बरोबर होतं, एमपी४ केल्यावर लाल रंग केशरी झाला.

पीएनजीपासून व्हिडिओ बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे एकदा तरी भेटतं. व्हिडिओत आरजीबी साठवत नाहीत, ते एका ब्राइटनेस आणि दोन रंगाच्या चॅनलमध्ये बदलतात आणि त्या बदलाचे दोन प्रचलित फॉर्म्युले आहेत, जुन्या एसडीचा बीटी ६०१ आणि एचडीचा बीटी ७०९. एफएफएमपेगला काही सांगितलं नाही तर तो पीएनजी बदलताना ६०१ वापरतो, आणि टॅग नसलेली एचडी फाइल दिसली की बहुतेक प्लेअर ती ७०९ समजून उघडतात. एकाने बंद केलं, दुसऱ्याने भलत्याच किल्लीने उघडलं.

ओळखायची खूण पक्की आहे. राखाडी रंग जसाच्या तसा राहतो आणि ठळक रंग सरकतात. २००, ४०, ४० असा लाल उघडल्यावर साधारण २१४, ५५, ३८ होतो, म्हणजे उजळ आणि केशरीकडे, तर हिरवे थोडे गडद होतात. रस्ता तसाच आहे आणि फक्त लाल-हिरवं बदललंय असं दिसलं की ग्रेड उघडू नका, एक्सपोर्ट बघा. एक्सपोर्ट असं करा:

```
ffmpeg -framerate 24 -i film_%05d.png \
 -vf "scale=out_color_matrix=bt709:out_range=tv,format=yuv420p" \
 -c:v libx264 -crf 16 -colorspace bt709 \
 -color_primaries bt709 -color_trc bt709 film.mp4
```

पहिल्या भागातलं `out_color_matrix` खरोखर फॉर्म्युला बदलतं, शेवटचे तीन पर्याय फक्त टॅग लावतात. नुसते टॅग लावून भागत नाही, ते म्हणजे आतला माल न बदलता वरचं लेबल बदलणं झालं. नंतर तपासा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=color_range,color_space,color_transfer,color_primaries film.mp4
```

तीन ठिकाणी `bt709` आणि रेंजमध्ये `tv` दिसलं पाहिजे. आणि राखाडीसकट सगळंच फिकं, काळा राखाडी झालेला, असं असेल तर ती वेगळी चूक, रेंजची. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर ठेवायची पद्धत आहे, कोणीतरी तो ० ते २५५ समजतंय. त्या वेळीही काळा दाबून ग्रेड बदलायचा नाही, नाहीतर जिथे फाइल बरोबर उघडते तिथे सावल्या बुडतील.

मॅकवर क्विकटाइममध्ये फिकं दिसतं आणि दुसऱ्या प्लेअरमध्ये गडद. खरं कुठलं?

फाइल एकच आहे. मॅक ७०९ टॅगचा व्हिडिओ साधारण १.९६ गॅमा समजून स्क्रीनसाठी बदलतो, तर तुम्ही २.२ किंवा २.४ वर बघून काम केलेलं असतं, म्हणून सावल्या उचललेल्या दिसतात. बरेच प्लेअर कलर मॅनेजमेंट करतच नाहीत, आकडे सरळ स्क्रीनवर टाकतात, म्हणून तिथे गडद. यावर इलाज म्हणून मॅकसाठी ग्रेड गडद करू नका, विंडोज आणि अँड्रॉइडवर तो चिखल होतो. रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये `Rec.709-A` म्हणून एक्सपोर्ट टॅग मिळतो, त्याने मॅकवर रिझॉल्व्हसारखं दिसतं, पण तो टॅगचा खेळ आहे, सगळे प्लेअर तो मानतील असं नाही. माझं मत, नेहमीचा ७०९ ठेवा आणि क्लायंट मॅकवर बघणार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा.

फोनवर रेनकोट निऑन पिवळा दिसतो, काय करू?

आधी फोनची डिस्प्ले सेटिंग बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर व्हिव्हिड किंवा तसल्या नावाचा मोड पहिल्यापासून चालू असतो, तो रंग मुद्दाम ताणतो. नॅचरल वर आणा. आयफोनवर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद करा, ट्रू टोन खोलीच्या उजेडाप्रमाणे पांढरा सरकवतो त्यामुळे सकाळी आणि रात्री तोच शॉट वेगळा दिसतो. ब्राइटनेस ऑटोवरून काढून मधे ठेवा. एवढं केल्यावर जे दिसतं ते तुमच्या मॉनिटरच्या बऱ्यापैकी जवळ असतं.

पण प्रेक्षक व्हिव्हिडवरच बघणार, ते आपण बदलू शकत नाही. म्हणून नंतर व्हिव्हिड चालू करूनही एकदा बघा, आणि फक्त एवढंच तपासा की रेनकोटच्या आतली घडी, शिवण, सावलीचा भाग अजून वेगळा दिसतोय का. रंग भडक झाला तर होऊ दे, तो फोनवरचं सगळंच तसं भडक बघतोय आणि त्याचा डोळा त्याला सरावलाय. पण घड्या एकमेकांत मिसळून एकच सपाट पिवळा डाग झाला तर ते आपलं काम आहे, त्या पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं खाली आणा, सगळ्या शॉटमध्ये सारखंच.

रात्रीच्या सीनमध्ये लॅपटॉपवर पात्रच दिसत नाही.

हा खरा प्रश्न आहे आणि इथे मी फाइल बदलायला सांगेन. समजा मुलीचे केस १८, १८, २२ आणि मागची भिंत २६, २६, ३२ आहे. चांगल्या मॉनिटरवर अंधाऱ्या खोलीत केसांची कड सुंदर दिसते. स्वस्त लॅपटॉपचा पॅनल थोडा मागे झुकवला की गडद छटा बदलतात, चकचकीत स्क्रीनवर खिडकीचं प्रतिबिंब पडलं की खालच्या तीसेक पातळ्या त्यात बुडतात, आणि काही ओएलईडी फोन कमी ब्राइटनेसवर काळ्याच्या जवळच्या पातळ्या सरळ काळ्या करून टाकतात. आठ पातळ्यांचा फरक यातून वाचत नाही.

पण अख्खी फ्रेम उचलू नका. त्याने रात्र जाते आणि राखाडी धूर येतो. फक्त भिंत उचला, ४०, ४०, ५० च्या आसपास न्या, केस आहेत तिथेच ठेवा. काळा काळाच राहिल्यामुळे रात्र टिकते आणि पात्राची कड वाचते. मग ज्या ज्या शॉटमध्ये ती भिंत आहे तिथे तोच आकडा, नाहीतर परत मॅचिंग बिघडलं. हे तपासायला महागडं काही लागत नाही, एखादा जुना लॅपटॉप, निम्मा ब्राइटनेस, दिवसा खिडकीजवळ. त्यावर गोष्ट कळली की झालं, सुंदर दिसायची अपेक्षा तिथे धरू नका.

आकाशाच्या ग्रेडियंटमध्ये पट्टे येतात, मॉनिटरवर नव्हते.

८ बिटमध्ये २५६ पातळ्या, त्यातला हळूच बदलणारा ग्रेडियंट समजा वीसच पातळ्यांत संपतो आणि १९२० पिक्सेलवर पसरतो, म्हणजे प्रत्येक पट्टा जवळपास शंभर पिक्सेल रुंद. त्यावर गेन लावलात तर पातळ्यांमधली अंतरं वाढतात, आणि मग एन्कोडर उरलासुरला बारीक फरक फालतू समजून फेकून देतो. स्वस्त पॅनल ६ बिटचा असेल तर आणखी भर.

ग्रेड १६ बिट किंवा ईएक्सआर फाइलवर करा आणि शेवटी, सगळ्या करेक्शननंतर, अगदी बारीक ग्रेन टाका, साधारण एक टक्का, डोळ्याला ग्रेन म्हणून दिसू नये इतकाच. तो सगळ्या शॉटवर सारखा टाका, एकाच शॉटवर टाकलात तर कटला टेक्स्चर बदललेलं कळतं. एन्कोड करताना `-crf` कमी ठेवा, आणि गडद ग्रेडियंट जास्त असतील तर `-aq-mode 3` लावून बघा, तो अंधाऱ्या भागाला जास्त बिट देतो.

क्लायंटने त्याच्या फोनवर बघून रंग बदलायला सांगितलं. बदलायचा का?

आधी विचारा की त्याने फाइल कशी बघितली. मेसेजिंग अ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून गेली असेल तर ती पुन्हा दाबली गेलीय, कधी टॅगही गेलेत, त्यावरून निर्णय नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची डाउनलोड लिंक द्या. मग त्याला "पिवळा बरोबर आहे का" असं विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्या फोनवर अवलंबून आहे. शॉट १२ आणि १३ मागोमाग लावून विचारा की कोट बदललेला वाटतो का, आणि रात्रीच्या सीनमध्ये मुलगी कुठे उभी आहे ते दिसतंय का. या दोन प्रश्नांची उत्तरं कुठल्याही फोनवर खरी येतात. तरीही तो म्हणाला की मला सगळंच जरा उबदार हवंय, तर ती त्याची आवड आहे, नक्की करा, पण ते शॉटगणिक करू नका, मॅचिंग झालेल्या पूर्ण टाइमलाइनच्या वर एकच अ‍ॅडजस्टमेंट लावा. उद्या त्याने मत बदललं तर तेवढं एक बंद करायचं, खालचं जुळलेलं काम तसंच राहतं.